भविष्य निधीचे कुलूप आणि दोन मोबाईल

सोलापुरातील एका घाऊक कापडपेढीवर २०१२ ते २०२० अशी आठ वर्षे हिशेबनीस म्हणून काम केलेले एक गृहस्थ २०२५च्या उन्हाळ्यात पेढीवर आले. टाळेबंदीच्या सुरुवातीस ते नोकरी सोडून अक्कलकोटजवळच्या आपल्या गावी गेले होते व तेथे त्यांनी छोटेसे किराणा दुकान चालविले होते. आता पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. भविष्य निर्वाह निधीत आपली रक्कम पडून आहे, हे त्यांना ठाऊक होते. गावातील इंटरनेट केंद्रात त्यांनी तीन वेळा ऑनलाईन दाव्याचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाती परतले. पेढीचे सध्याचे मालक माझे निकटचे आप्त असल्याने हे प्रकरण माझ्यापर्यंत आले. ते सोडवायला अडीच महिने लागले. एवढा काळ का लागला आणि कोणत्या क्रमाने गेलो असतो तर तो निम्म्यावर आला असता, हे या वेळच्या लेखात सांगावयाचे आहे; कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढ्यांवर असे चार-दोन जुने सेवक निघतील.

प्रथम दोन क्रमांकांचा घोळ दूर करू. भविष्य निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, हा १२ अंकी असतो आणि आधार क्रमांकही १२ अंकीच असतो. यूएएन ही व्यवस्था २०१४ मध्ये आली. मनुष्याने कितीही नोकऱ्या बदलल्या तरी हा क्रमांक आयुष्यभर एकच राहावा आणि प्रत्येक पेढीवरचे निधी खाते त्याखाली यावे, असा तिचा हेतू आहे. आमच्या हिशेबनिसांनी पहिल्या प्रयत्नात एकाच्या जागी दुसरा क्रमांक भरला होता. ही चूक क्षुल्लक होती व लगेच सुधारली. खरी अडचण पुढे होती आणि ती क्रमांकांची नव्हे, मोबाईलची होती.

या साऱ्या व्यवहारात मोबाईल क्रमांक एक नसून दोन असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक मोबाईल निधीच्या खात्यात, म्हणजे यूएएनजवळ नोंदलेला असतो. खात्याचे संदेश त्यावर येतात. दुसरा मोबाईल आधारमध्ये, म्हणजे आधार प्राधिकरणाकडे नोंदलेला असतो. दावा दाखल करताना शेवटच्या पायरीवर जो ओटीपी येतो, तो या दुसऱ्या मोबाईलवर येतो. कारण तो ओटीपी म्हणजे दावेदाराची सही मानली जाते. दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक असावा असा नियम नाही, पण दोन्ही क्रमांक खातेदाराच्या हाती चालू असावे लागतात. निधी संघटनेकडे मोबाईल बदलला म्हणून आधारमधला बदलत नाही आणि आधारमधला बदलला म्हणून निधीतला बदलत नाही. या दोन दप्तरांचा परस्परांशी तेवढा संबंध नाही.

आमच्या प्रकरणात हे दोन्ही मोबाईल त्यांच्या हाती नव्हते. २०१४ मध्ये पेढीवरील चोवीस सेवकांचे यूएएन निघाले, तेव्हा ते काम पाहणाऱ्या सल्लागाराने सोयीसाठी सर्वांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाईल भरला होता. त्या काळी ही पद्धत अनेक ठिकाणी होती. फॉर्मातील रकाना भरला पाहिजे, एवढाच विचार त्यामागे असे. आधारची नोंदणी हिशेबनिसांनी गावच्या शिबिरात केली होती व तेथे धाकट्या भावाचा क्रमांक दिला होता. भावाने तो क्रमांक पुढे बंद केला. बंद झालेला क्रमांक दूरसंचार कंपन्या किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देऊ शकतात. त्यामुळे हिशेबनिसांच्या आधारचा ओटीपी आता कोण्या अनोळखी माणसाच्या फोनवर जात होता. गावातील केंद्रचालक मात्र दर वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच सांगत होता.

आता क्रमाकडे वळू. सारे काही आधारच्या मोबाईलपासून सुरू होते. निधीचे खाते उघडण्याचे, संकेतशब्द नव्याने घेण्याचे, मोबाईल बदलण्याचे बहुतेक मार्ग शेवटी आधारच्या ओटीपीपाशी येतात. म्हणून पहिली पायरी तीच. `myaadhaar.uidai.gov.in` या संकेतस्थळावर `Check Aadhaar Validity` अशी सोय आहे. तेथे आधार क्रमांक घातल्यावर वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन अंक दिसतात. हे तीन अंक आपल्या फोनचे आहेत काय, एवढे पाहावे. अंक दिसतच नसतील, तर मोबाईल नोंदलेलाच नाही असे समजावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला लॉगिन लागत नाही.

तपासणीत आमच्या हिशेबनिसांचे अंक भावाच्या जुन्या क्रमांकाचे निघाले. त्यांना आधार केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन, मोबाईल बदलावा लागला. या बदलासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही. थोडे शुल्क आणि स्वतःची उपस्थिती पुरते. केंद्रावरून मिळालेली पावती जपून ठेवावी, कारण अर्जाची स्थिती तिच्यावरील क्रमांकावरून पाहता येते. आठ दिवसांनी त्याच संकेतस्थळावर नव्या मोबाईलचे तीन अंक दिसू लागले, तेव्हा पहिले कुलूप उघडले.

दुसरी पायरी म्हणजे नाव, जन्मतारीख आणि लिंग यांचा मेळ. यूएएनला आधार जोडताना संगणक या तीन गोष्टी दोन्ही दप्तरांत पडताळतो. त्या जुळल्या तरच जोडणी होते. आपल्याकडे नावाचा घोटाळा फार. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे केवळ आद्याक्षर. शहा हे आडनाव कोठे `SHAH` तर कोठे `SHAHA`. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नोकरी माहेरच्या नावाने झालेली असते आणि आधार सासरच्या नावाने असते. जन्मतारखेचे तर विचारूच नका. महाराष्ट्रातील एका पिढीच्या निम्म्या लोकांचा जन्म शाळेच्या दप्तरात १ जूनला झालेला असतो!

हिशेबनिसांचे तसेच होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व आधारवर १ जून १९७८ होता. पेढीच्या जुन्या निधी-रजिस्टरमध्ये मात्र नुसते वर्ष ऐकून १ जानेवारी १९७८ लिहिले गेले होते. नावातही आडनाव पुढे आणि वडिलांचे नाव गळालेले. अशा वेळी कोणते दप्तर दुरुस्त करावयाचे हा निर्णय घाईने करू नये. जन्माचा सर्वांत जुना व भक्कम पुरावा हाती घ्यावा. जे दप्तर त्याच्याशी विसंगत असेल तेच सुधारावे. आधारमधील जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, म्हणून निधीच्या खात्यातील चूक झाकण्यासाठी योग्य असलेले आधार बिघडवू नये. येथे आधार व शाळेचा दाखला जुळत होते, तेव्हा निधीचे खाते सुधारणे हाच मार्ग होता.

ही सुधारणा कोण करणार, हे यूएएनच्या वयावर ठरते. जानेवारी २०२५ पासून असा नियम आहे की, १ ऑक्टोबर २०१७ रोजी वा त्यानंतर मिळालेल्या आणि आधार पडताळलेल्या यूएएनवर खातेदार नाव, जन्मतारीख, लिंग, आईवडिलांचे नाव यांसारखे तपशील स्वतःच ऑनलाईन दुरुस्त करू शकतो. त्यास पेढीची मंजुरी लागत नाही. त्याआधीच्या यूएएनसाठी पेढी आवश्यक ठरते. आधार मुळीच जोडलेले नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज पेढीमार्फतच जातो. या अर्जास संयुक्त निवेदन म्हणतात. त्यावर सेवकाची व मालकाची अशा दोघांच्या सह्या असतात आणि सोबत पुरावे जोडावे लागतात. हिशेबनिसांचा यूएएन २०१४ चा आणि आधार न जोडलेला. १ सप्टेंबर २०२१ पासून आधार न जोडलेल्या यूएएनवर मासिक वर्गणी भरणेच बंद झाले, तेव्हा पेढीने कामावर असलेल्या सर्वांची जोडणी करून घेतली. पण हे गृहस्थ २०२० मध्येच गेलेले असल्याने मागे राहिले. जे सेवक त्या तारखेपूर्वी नोकरी सोडून गेले, त्यांचीच खाती आज अधिक अडकलेली आढळतात, याचे कारण हे आहे.

येथे पेढीचा स्वतःचा दोष उघड झाला. निधीच्या संकेतस्थळावर पेढीतर्फे होणारी मंजुरी अधिकृत स्वाक्षरीदाराच्या डिजिटल सहीने किंवा आधार-आधारित ई-सहीने होते. दप्तरात स्वाक्षरीदार म्हणून अद्याप मालकांच्या दिवंगत वडिलांचे नाव होते व त्यांच्या डिजिटल सहीची मुदत केव्हाच संपली होती. दर महिन्याची वर्गणी सल्लागार आपल्या पद्धतीने भरीत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. मालकीतील बदलाचा नमुना ५अ भरणे, नव्या स्वाक्षरीदाराची विनंती संकेतस्थळावरून काढून तिच्यावर सही-शिक्का करणे, ती निधी कार्यालयात देऊन मान्यता मिळविणे, यांत तीन आठवडे गेले. सेवकाचा अर्ज तोवर पुढे सरकू शकत नव्हता. जी पेढी वडिलांकडून मुलाकडे आली आहे, तिने बँकेतील व वस्तू-सेवा कराच्या दप्तरातील नाव बदलताना निधीच्या दप्तरातील नावही बदलले आहे काय, हे आजच पाहावे.

नवी सही मान्य झाल्यावर संयुक्त निवेदन गेले आणि सुमारे महिनाभराने नाव व जन्मतारीख सुधारली. मग तिसरी पायरी, प्रत्यक्ष जोडणीची. खातेदार स्वतः जोडणी करू शकतो, परंतु त्या मार्गात आधी यूएएनजवळच्या मोबाईलवर ओटीपी येतो व नंतर आधारच्या मोबाईलवर. दोन्ही फोन हाती असतील तर पाच मिनिटांचे काम. आमच्या हिशेबनिसांचा पहिला ओटीपी सल्लागाराच्या फोनवर गेला असता. तो त्याला दूरध्वनी करून विचारता आला असता, परंतु दुसऱ्याच्या फोनवरील ओटीपीने काम भागविण्याची सवय लागली की, पुढे कोणाच्या हाती खाते आहे हेच समजेनासे होते. म्हणून आम्ही पेढीच्या लॉगिनमधून त्यांचे आधार नोंदविले व नव्या सहीने मंजूर केले. दोन्ही दप्तरे आता जुळत असल्याने पडताळणी त्याच दिवशी झाली.

जोडणी होताच मोबाईलचा प्रश्न आपोआप सुटला. सभासदांच्या संकेतस्थळावर, म्हणजे `unifiedportal-mem.epfindia.gov.in` येथे, `Forgot Password` या मार्गाने गेल्यास, आधीचा मोबाईल हाती नसला तरी नाव, जन्मतारीख, लिंग आणि आधार पडताळून नवा मोबाईल नोंदता येतो. जोडणीपूर्वी हाच मार्ग बंद होता, कारण पडताळायला आधारच नव्हते. ज्यांना लॉगिन करता येते, त्यांनी `Manage` खालील `Contact Details` मध्ये मोबाईल बदलावा. क्रमाचे महत्त्व येथे दिसते: आधारचा मोबाईल, मग नाव-तारखेचा मेळ, मग जोडणी आणि त्यानंतर यूएएनचा मोबाईल. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक दार पुढच्या दारावर बोट दाखविते.

जोडणी झाली की नाही, हे कोणाच्या शब्दावर मानू नये. लॉगिन करून `Manage` खाली `KYC` पाहावे. आधार तेथे मंजूर कागदपत्रांत दिसले पाहिजे. प्रलंबित यादीत दिसत असेल, तर अर्ज केवळ पेढीपर्यंत पोहोचला आहे आणि मालकांची मंजुरी बाकी आहे. पुष्कळ सेवक येथे फसतात. त्यांनी क्रमांक भरलेला असतो, पडद्यावर तो दिसतही असतो, म्हणून काम झाले असे ते समजतात.

आता दाव्याआधी दोन गोष्टी उरल्या. बँक खाते आयएफएससी क्रमांकासह नोंदवायचे होते. ते बँकेकडून पडताळले जाते आणि एप्रिल २०२५ पासून त्यास पेढीची मंजुरी लागत नाही. दुसरी गोष्ट नोकरी सोडल्याच्या तारखेची. ती पेढीने २०२० मध्ये नोंदविलीच नव्हती, त्यामुळे दप्तरात हे गृहस्थ अजून कामावरच होते! ती पेढीने त्या दिवशी भरली. पेढी भरीत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी खातेदारही `Manage` खालील `Mark Exit` मधून ती भरू शकतो; तेथेही आधारचा ओटीपी लागतोच.

मग दावा. त्यांचे शेवटचे वेतन महिना १२,००० रुपये होते. त्यातून त्यांचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये निधीत जात. पेढीही तेवढेच देई; परंतु तिच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जाऊन उरलेले ४४० निधीत येत. पैसा दोन ठिकाणी असल्यामुळे अर्जही दोन करावे लागतात. निधीसाठी नमुना १९ आणि निवृत्तिवेतन योजनेतील रकमेसाठी नमुना १०सी. सेवा दहा वर्षांहून कमी असल्यानेच १०सी ने रक्कम मिळते. दहा वर्षे पूर्ण झालेल्यास ती काढता येत नाही, त्याचा मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो. नुसता नमुना १९ भरून समाधान मानणारे आपले निवृत्तिवेतन योजनेतील पैसे विसरून जातात. हिशेबनिसांनी दोन्ही अर्ज एकाच बैठकीत भरले. शेवटच्या पायरीवर ओटीपी आला, तो या वेळी त्यांच्याच खिशातील फोनवर. पंधरवड्याच्या आत दोन्ही रकमा बँकेत जमा झाल्या.

शस्त्रक्रिया मात्र तत्पूर्वीच करावी लागली होती. त्यासाठी पेढीच्या मालकांनी त्यांना हातउसने पैसे दिले. निधी आल्यावर त्यांनी ते परत केले. मालकांनी घेण्यास संकोच केला, तेव्हा हिशेबनीस म्हणाले, “शेठजी, पैसे माझेच होते, केवळ माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते. आता पोहोचले, तर देणे फेडू द्या.”

त्या आठवड्यात मालकांनी पेढीवरील प्रत्येक सेवकास एकेक करून बोलावले व यूएएनजवळचा मोबाईल त्याच्या स्वतःच्या फोनवर आणून दिला. ओटीपी प्रत्येकाने आपल्या हाताने घातला. दिवाणजींनी तो विचारला नाही की लिहून ठेवला नाही. नोकरी सोडून गेलेल्या सात जणांना पत्रे गेली.

हीच तपासणी घरातही करावी. आपल्याकडे घरातील स्त्रियांच्या आधारवर बहुधा पतीचाच मोबाईल असतो आणि आधार प्राधिकरण एकाच क्रमांकावर अनेक आधार चालू देते, म्हणून तो प्रश्न वरवर दिसत नाही. परंतु नोकरी करणाऱ्या पतीचे निधन झाले आणि महिन्याभरात त्याचा फोन बंद केला, तर त्याच वेळी पत्नीचा आधार-ओटीपीही बंद होतो. सभासदाने हयातीत `Manage` खालील `E-Nomination` भरून आधारच्या ओटीपीने ई-सही केलेली असेल, तर वारसदारास मृत्युदावा ऑनलाईन करता येतो. पण त्यासाठी ओटीपी वारसदाराच्या आधारमधील मोबाईलवर येतो. नामनिर्देशन व्यवस्थित असूनही केवळ बंद फोनामुळे दावा थांबावा, हे टाळता येण्यासारखे आहे. पतीचा क्रमांक लगेच बंद करू नये, आणि त्याहून बरे म्हणजे पत्नीच्या आधारवर तिचा स्वतःचा मोबाईल आधीच नोंदवून घ्यावा.

आज घरातील प्रत्येकाचे आधार घेऊन ते शेवटचे तीन अंक पाहा. ज्याचे अंक त्याच्या हातातील फोनशी जुळत नाहीत, त्याच्यापासून सुरुवात करा.